पुठ्ठ्याची खिडकी

भूगोलाच्या बाई आयुष्यात एकदाच रस्ता चुकल्या होत्या, आणि त्या वेळी नकाशा दुसऱ्याने काढलेला होता, असं त्या स्वतःच सांगत. ऐकणारा मान डोलवत असे. बाईंशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं.

म्हणूनच परदेशातल्या शाळेशी मुलांच्या अदलाबदलीचं ठरलं, तेव्हा व्हिसाचं काम कुणाकडे द्यायचं याची चर्चासुद्धा झाली नाही. मुख्याध्यापकांनी फाइल उचलली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. बावीस मुलं दोन आठवडे तिकडे जाणार, तिथल्या मुलांच्या घरी राहणार, त्यांच्याबरोबर शाळेत बसणार. सोबत दोन शिक्षक: बाई स्वतः आणि चित्रकलेचे सर. सर निवांत माणूस. कुठेही उभे राहिले तरी भिंतीला टेकूनच उभे राहत, आणि भिंत नसली तर दार शोधत.

बावीस मुलांमध्ये बाईंची स्वतःची मुलगीही होती. वय वर्षं चौदा. लहानपणी अखंड बडबडायची म्हणून तिला मिठू म्हणत, आणि ते नाव शाळेपर्यंत येऊन चिकटलं होतं. मिठूचं नाव निवडीच्या परीक्षेत वरून तिसरं आलं होतं, बाईंनी पेपर तपासले नसतानाही. हे त्या ज्याला त्याला आवर्जून सांगत. मिठूला त्या देशातल्या भाषेचं वेड होतं. वर्षभर ती आरशासमोर उभी राहून त्या भाषेत स्वतःशी भांडायची. ही सहल तिच्या हातची गेली असती तर तिने काय केलं असतं, याचा विचार बाईंनी कधी केला नाही. कारण ती हातची जाणारच नव्हती. काम बाईंकडे होतं.

पालकांच्या पहिल्याच सभेत बाईंनी सगळ्यांना सरळ केलं.

"ग्रुप व्हिसा म्हणजे सगळ्यांना मिळून एकच शिक्का, असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका," त्या म्हणाल्या. "ग्रुप फक्त अपॉइंटमेंटला. अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा, बोटांचे ठसे वेगळे, निर्णयही वेगळा. एकाला नाकारला म्हणून दुसऱ्याचा अडत नाही, आणि एकवीस जणांना मिळाला म्हणून बाविसाव्याला मिळतोच असं नाही."

"पण शाळेचं पत्र असतं ना?" मागून एक काका.

"असतं. त्यात प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, जाण्या-येण्याच्या तारखा, खर्च कोण करणार, आणि कुठलं मूल कुठल्या शिक्षकाच्या जबाबदारीवर, हे सगळं असतं. तिकडच्या शाळेचं आमंत्रण असतं, त्यातही हीच नावं. पण शाळा म्हणजे आईबाप नाही. मूल कायद्याने अज्ञान आहे, म्हणजे अठराच्या आतलं. त्याला देशाबाहेर न्यायला आई आणि वडील, दोघांची लेखी संमती लागते. नोटरीसमोर सही केलेली. दोघांची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगणार नाही."

तिसऱ्यांदाही सांगितलंच. शिवाय बाईंनी आपली खास युक्ती काढली. भूगोलाच्या खोलीत त्यांनी खोटी खिडकी उभी केली. चित्रकलेच्या सरांनी पुठ्ठ्याची चौकट कापून दिली, खाली कागद सरकवायला फट ठेवली. बाई चौकटीच्या आत बसत, आणि पालकांनी समोरच्या खुर्चीत बसून कागद फटीतून आत सरकवायचे. खऱ्या खिडकीवर जे विचारतील ते बाई इथे विचारणार. इथे पास झालात तर तिथे झालात. नियम एकच: कागद मुलांबरोबर पाठवायचे नाहीत. पालकांनी स्वतः यायचं, खुर्चीत बसायचं.

सुरुवातीला लोक हसले. मग पहिल्या दिवशी नऊ जण परत गेले आणि हसू थांबलं. कुणाच्या संमतिपत्रावर परतीची तारीख शाळेच्या पत्राशी जुळत नव्हती. एका वडिलांची सही पासपोर्टवरच्या सहीशी मेळ खात नव्हती. "तेव्हा मी तरुण होतो हो बाई," ते म्हणाले. "मग आता पुन्हा तरुण व्हा आणि पुन्हा करा," बाई म्हणाल्या. एका आईने सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी नुसतंच 'शाळेचे शिक्षक' असं लिहिलं होतं. बाईंनी कागद परत सरकवला. "उद्या विमानतळावर अधिकारी विचारेल, कुठले शिक्षक? तेव्हा मी काय म्हणू, आम्ही सगळेच? नाव लिहा. कुणाच्या हातात देताय ते लिहा."

सही करताना पुष्कळांचं पेन थांबायचं. सगळं वाचून झालेलं, समजलेलं, नोटरीकडे जायच्या आधी नमुन्यावर सही करून दाखवायची तेवढी बाकी, आणि तिथेच पेन हवेत. बाईंना त्याचा फार राग येई. रांग बाहेर जिन्यापर्यंत गेलेली असायची. "करा हो, शाई सुकेल," असं त्या म्हणत, आणि माणूस ओशाळून सही करी.

सगळ्यात मोठा खटका एका मुलाच्या आईशी, डॉक्टरीणबाईंशी, उडाला. त्यांचा नवरा परदेशात, तीन वर्षांत घरी फिरकला नव्हता.

"मी आई आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलगा माझ्याकडे राहतो. त्याचं सगळं मी बघते. त्यांचा संबंध काय?"

"कोर्टाचा ताब्याचा आदेश आहे?"

"नाही. आम्ही कोर्टात गेलोच नाही."

"मग त्यांचा संबंध आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "वडील गेले असते तर मृत्यूचा दाखला चालला असता. घटस्फोटात ताबा तुम्हाला मिळाला असता तर आदेश चालला असता. यातलं काही नाही, म्हणजे कागदावर ते वडील आहेत. ते जिथे आहेत तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन सही करतील आणि मूळ प्रत कुरियरने पाठवतील. 'मी आई आहे' हे खिडकीवर चालत नाही."

डॉक्टरीणबाई लाल झाल्या, उठून गेल्या, आणि दहा दिवसांनी मूळ प्रत घेऊन आल्या. बाईंनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "शाब्बास." मोठ्या बाईला कुणी शाब्बास म्हणत नाही, पण डॉक्टरीणबाईंना ते आवडलेलं दिसलं.

असं करत करत गुरुवारच्या अपॉइंटमेंटला तीन दिवस राहिले, आणि एकवीस फाइली तयार झाल्या. एकसारख्या, एकाच क्रमाने लावलेल्या. सोमवारी संध्याकाळी शेवटचे पालक गेले. खोलीत बाई, चित्रकलेचे सर आणि पिशवी आवरत बसलेली मिठू राहिली.

"आता एकच राहिली," सर म्हणाले. "बाई, तुम्ही बाहेर या. मी आत बसतो. जरा मजा."

बाई खुशीत होत्या. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि मिठूची फाइल फटीतून सरकवली. सरांनी चष्मा नाकावर ओढून बाईंचा आवाज काढला. "अर्ज. पासपोर्ट. फोटो. जन्माचा दाखला. विमा. शाळेचं पत्र. वा, वा. संमतिपत्र?"

"ते लागत नाही. मी सोबतच आहे."

"वडिलांचं?"

"सर, मी आई आहे."

सरांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. ते शब्द कुठे ऐकले होते ते खोलीतल्या तिघांनाही आठवलं, कारण मिठूही त्या दिवशी तिथेच होती. बाईंचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांच्या मनात मिठूचा प्रवास म्हणजे आईबरोबरचा प्रवास होता, आणि आईबरोबर जाताना आईची परवानगी कोण मागतं! वडिलांचीही लागते हे त्यांनी बाकी सगळ्यांना शिकवलं होतं. स्वतःच्या बाबतीत त्यांना ते सुचलंच नाही. मिठूच्या बाबाला त्यांनी गेल्या तीन वर्षांत काही विचारलंच नव्हतं. मग हे तरी कसं सुचणार?

मिठूचा बाबा तीन वर्षांपासून याच शहरात, नदीपलीकडे वेगळा राहत होता. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. घटस्फोट नव्हता, कोर्ट नव्हतं, भांडणही आता उरलं नव्हतं. मिठू शनिवार-रविवार त्याच्याकडे जायची, आणि दोघांचे निरोप तीच इकडून तिकडे न्यायची. बाबाला सांग, फी भरली. आईला सांग, दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. तीन वर्षं असंच सुरळीत चाललं होतं.

"बाई, एक सुचवू?" सर चौकटीतून बाहेर येत म्हणाले. "वडिलांचा संपर्क नाही, असं प्रतिज्ञापत्र—"

"सर, ती दर शनिवारी त्याच्याकडे जाते."

"नाही, मी आपलं सुचवलं."

"खोटं लिहून माझ्या मुलीला मी कुठेही नेणार नाही," बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा बाईंचा झाला होता. "मिठू, उद्या बाबाकडे जा. हा नमुना दे. त्याला म्हणावं, बुधवारी नोटरीकडे जाऊन—"

"नाही," मिठू म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"कागद मुलांबरोबर पाठवायचे नाहीत. तुझाच नियम आहे." मिठूने पिशवीची चेन ओढून बंद केली. "मला जायचंय, आई. इतकं जायचंय की मी रोज रात्री तिथल्या घराचा पत्ता पाठ म्हणते. पण मी निरोप नेणार नाही. तू विचार त्याला."

बाई रागावल्या होत्या, आणि मुलीचं बरोबर आहे म्हणून जास्तच रागावल्या होत्या.

घरी जाऊन त्यांनी फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याने उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, "मिठूच्या व्हिसासाठी तुझी सही हवी आहे." मग तो म्हणाला, "हे विचारणं नाही झालं. तू मला कळवतेयस."

"मग काय करू?"

"बाकीच्या आईबापांना काय करायला लावतेस? मिठूने सांगितलंय मला. खिडकी आहे म्हणे. मी येतो उद्या. रांगेत बसतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो खरंच आला. रांग नव्हतीच, तरी तो जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिला, आत बोलावेपर्यंत. बाई चौकटीच्या मागे बसल्या. पुठ्ठ्याचं एक बरं होतं, थोडंफार तोंड लपत होतं.

तो खुर्चीत बसला. सवयीने त्याची नजर आधी त्यांच्या चष्म्यावर गेली.

"डावी काडी सैल झालीय."

"आपण कामाचं बोलू या," बाई म्हणाल्या. "मुलगी कुठे जातेय, माहीत आहे?"

"शहराचं नाव माहीत आहे. बाकी तू सांगितलेलं नाहीस."

मग बाईंना सांगावं लागलं. बाकीच्या एकवीस मुलांच्या आईबापांना सांगितलं ते सगळं, तितक्याच तपशिलाने. कुटुंब कुठलं, आई नर्स आहे, वडील बस चालवतात, मिठूच्याच वयाची मुलगी आहे. शाळा घरापासून चालत. फोन रोज नाही, एक दिवसाआड. आजारी पडली तर विमा आहे, आणि पेनिसिलिन चालत नाही हे तिकडच्या शाळेला लेखी कळवलं आहे. तो ऐकत होता. मधे मधे प्रश्न विचारत होता, आणि ते चांगले प्रश्न होते. त्या घरात कुत्रा आहे का, असं त्याने विचारलं. कुत्रा होता. "बरं झालं," तो म्हणाला. "कुत्रा असला की ती परक्या घरात झोपते. माझ्याकडे पहिले दोन महिने झोपायची नाही. मग शेजाऱ्यांचा कुत्रा रात्री आणून ठेवायला लागलो."

हे बाईंना माहीत नव्हतं. शनिवारी रात्री मिठू झोपते की नाही, असा प्रश्नच त्यांना पडला नव्हता.

"तुझी संमती आहे?" त्यांनी विचारलं. आणि विचारल्यावर लक्षात आलं, की हे खरोखर विचारलं आहे. तो नाही म्हणू शकत होता. तो नाही म्हणाला तर गुरुवारी मिठूची फाइल घरी राहणार होती, आणि त्याला कुठलाही नियम आड येत नव्हता.

"आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून होती. फक्त कुणी विचारलं नव्हतं." त्याने नमुना हातात घेतला आणि वाचू लागला. "इथे लिहिलंय, मी माझी मुलगी अमुक शिक्षकांच्या जबाबदारीवर पाठवत आहे. तू तुझं नाव घातलंयस."

"मग? मी तिची आई आहे आणि शिक्षिकाही."

"तेच तर." त्याने कागद खाली ठेवला. "तिला सरांच्या गटात जायचंय."

बाईंनी नमुना फटीतून आत ओढून घेतला.

"तुझ्यावर राग नाहीये तिचा. तिला तिथे बाईंची मुलगी नको व्हायला. तिकडच्या घरी, तिकडच्या वर्गात, कुणाच्याही नजरेसमोर नको. वरून तिसरी आलीय, पण अजून मुलं म्हणतात, आईने यादीत घातलं. दोन आठवडे तिला नुसती मिठू व्हायचंय. तुला सांगायला घाबरते, म्हणून तिने मला सांगितलं."

वर्षभर जी मुलगी आरशासमोर बडबडत होती ती घरात सहलीबद्दल एक शब्द बोलत नसे, हे बाईंना आत्ता आठवलं. त्यांना वाटलं होतं, उत्साहाने वाचा बसली.

बराच वेळ त्या पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि फाइल अर्धवट ठेवणाऱ्यांतल्या तर नव्हत्याच.

"शाळेचं पत्र बदलावं लागेल," शेवटी त्या म्हणाल्या. "ती माझ्या गटात लिहिली आहे. संमतिपत्रात एक नाव आणि पत्रात दुसरं, हे चालणार नाही. मुख्याध्यापकांची सही पुन्हा घ्यावी लागेल. आज ते सहापर्यंत आहेत."

"मग पळ," तो म्हणाला.

त्या पळाल्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, "एवढं बिनचूक पत्र, त्यात काय चुकलं?" बाई म्हणाल्या, "माझा अंदाज." मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग सही केली.

बुधवारी दुपारी तिघं नोटरीच्या खोलीत बसली होती. खोली अरुंद, छताला लागेपर्यंत फाइली, कोपऱ्यात शिक्क्यांचा स्टँड. नोटरी म्हातारे होते आणि प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत होते. त्यांनी दोघांची ओळखपत्रं बघितली, चेहरे बघितले, पुन्हा ओळखपत्रं बघितली. मिठूच्या बाबाने सही केली. मग कागद बाईंकडे आला.

"बाई, तुम्ही स्वतः सोबत जाणार म्हणता," नोटरी म्हणाले. "मग तुमची सही कशाला?"

"मी सोबत आहे, पण ती माझ्या जबाबदारीवर नाही," बाई म्हणाल्या. "बावीस मुलं, बावीस एकसारखी संमतिपत्रं. आई आणि वडील, दोघांच्या सह्या. खिडकीवर प्रश्न नकोत."

"वाचलंत? समजून-उमजून सही करताय ना?"

हा प्रश्न बाईंनी महिनाभर लोकांना विचारला होता. त्यांनी कागद पुन्हा वाचला. आम्ही आमची मुलगी खाली नाव दिलेल्या शिक्षकांच्या जबाबदारीवर पाठवत आहोत. खाली चित्रकलेच्या सरांचं नाव होतं. दारं शोधून त्यांना टेकणाऱ्या सरांचं. आजवर त्या इतरांची मुलं आपल्या हाती घेत आल्या होत्या. आपलं मूल दुसऱ्याच्या हातात देताना काय लिहावं लागतं ते त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं, आणि लिहिताना त्यात काही जड वाटलं नव्हतं.

त्यांनी पेन उचललं, सहीच्या जागेवर नेलं, आणि पेन हवेतच थांबलं.

नोटरी वाट बघत होते. मिठू खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली होती, आईच्या हाताकडे बघत. बाईंना जिन्यापर्यंतची रांग आठवली, एकेक चेहरा आठवला. तेव्हा हे लोक कशासाठी थांबतात ते त्यांना कळलं नव्हतं.

"कर ना," मिठूचा बाबा हळूच म्हणाला. तो हसत नव्हता. "शाई सुकेल."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मिठूकडे.

"सुकू दे," त्या म्हणाल्या. "मला थोडं थांबू दे."

कुणी घाई केली नाही. नोटरींनीही शिक्का पुन्हा स्टँडवर ठेवला. मग बाईंनी सही केली, पासपोर्टवर आहे तशीच, आणि नोटरींनी शिक्का मारल्यावर कागद स्वतःच्या हाताने मिठूकडे दिला.